बटणाचा वाढदिवस आणि पोत्याची शिवण

पशुखाद्याच्या कारखान्यात आत्याचं काम पोत्यांची तोंडं शिवण्याचं. छताला स्प्रिंगवर टांगलेलं मशीन ती एका हातानं खाली ओढते, दुसऱ्या हातानं पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या पोत्याचे ओठ जुळवते, आणि खर्रर्र करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. शेवटी वीतभर दोरा लोंबता ठेवून कापते. रेघ अशी सरळ की आखून घेतल्यासारखी. मुकादम नव्या बायकांना सांगतो, "मशीन नंतर शिका, आधी हिच्याकडं बघत उभ्या राहा."

अशी ही बाई. आवाज खणखणीत, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली तर मळ्यातली कुत्रीसुद्धा वळून बघतील. पण भावाच्या पोरापुढं ती मेणाहून मऊ. पोरगं गोल, लहानखुरं, म्हणून तिनं त्याचं नाव बटण ठेवलेलं. शाळा सुटली की बटण शेजारच्या दारी तिच्याकडं येई आणि कोंबड्यांसाठी पोतं उघडून देई. दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात दोघं बोलत बसायची. बोलत म्हणजे, आत्या बोलायची. बटणाचा शब्द ओठांशी येऊन अडायचा. दार उघडावं आणि उंबऱ्यातच पाय अडकावा, तसं. आत्या थांबायची. अंगणात थांबायला वेळ भरपूर होता. शाळेत नव्हता. तिथं पोरं त्याचा अडलेला शब्द स्वतःच पुरा करून हसायची, म्हणून हल्ली तो तिथं बोलतच नव्हता.

बटणाला सातवं लागणार होतं. वर्गातली पोरं पहिल्यांदाच घरी येणार होती.

"जादूगार बोलवू या," भावजय म्हणाली. "गल्लीतल्या त्या पोरीच्या वाढदिवसाला आला होता ना, तोच. तासभर पोरं जागची हलली नाहीत. तोवर आपलं खायचं-प्यायचं निवांत होतं. नाहीतर गेल्या वेळी नुसती गल्लीतली पोरं होती, आठवतंय ना? खेळ खेळ म्हणत पडदा खाली आला होता."

"पडदा तुझ्या नवऱ्यानं लावला होता, तो वाऱ्यानंही आला असता," आत्या म्हणाली.

"मला कशाला मधे ओढता?" भाऊ म्हणाला.

खरं तर तो जादूगार आत्यानंही पाहिला होता. बटणाला घ्यायला गेली तेव्हा दारातच उभी राहिली. माणूस हुशार. मागून कुणी डोकावू नये म्हणून भिंतीला पाठ लावून उभा होता, फरशीवर पट्टी चिकटवून पोरांना तिच्या अलीकडं बसवलं होतं. कानामागून चेंडू काय, रिकाम्या नळीतून रुमाल काय! बटण तोंड उघडं टाकून बघत होता. मग जादूगारानं वाढदिवसाच्या पोरीला पुढं घेतलं. "नाव सांग! ऐकू नाही आलं! आणखी मोठ्यानं, नाहीतर जादू चालणार नाही!" सगळी पोरं ओरडली, "मोठ्यानं! मोठ्यानं!" पोरगी खिदळत ओरडली. आणि आत्यानं बटणाकडं बघितलं.

आता ती गोष्ट तिनं भावजयीला सांगितली. भावजयीचा चेहरा उतरला. तरी म्हणाली, "त्यांना आधी सांगू की, नाव विचारू नका म्हणून."

आत्यानं तिच्यासमोरच फोन लावला. जादूगार सरळ माणूस निघाला. "बाई, मी नाही विचारणार. त्याच्या हातात नुसती छडी देईन. पण ज्याचा वाढदिवस त्याला पुढं घ्यावंच लागतं, आणि खाली बसलेली पोरं काय ओरडतील ते माझ्या हातात नाही. तुम्हीच ठरवा. पोराला विचारा."

विचारलं. बटणाचे डोळे आधी चमकले. मग त्यानं हळूच विचारलं, "म-म-मला पुढं बोलावतील?"

"हो रे राजा."

तो बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "मग तुझे खेळच," म्हणाला, आणि कोंबड्यांकडं निघून गेला.

भावजय म्हणाली, "ताई, त्याला हवा होता जादूगार. आता तुमचे खेळ फसले तर पोराच्या हाती काहीच नाही."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. त्या आठवड्यात पोती शिवताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

खेळ घेणं तिला नवं नव्हतं. कारखान्यातल्या बायकांच्या पोरांचे खेळ दरवर्षी तीच घ्यायची. जो हरला तो बाहेर, असला खेळ ती घेत नसे. बाहेर बसलेलं पोरगं आधी रुसतं, मग शेजारच्याला चिमटे काढतं, आणि शेवटी आत खेळणारी दोन अन् बाहेर भांडणारी पलटण, असं होतं. म्हणून तिचा पुतळ्यांचा खेळ वेगळा. गाणं थांबलं की पुतळा व्हायचं, आणि जो हलला त्यानं आत्याकडं येऊन बाकीचे हलणारे पकडायचे. पळापळीनंतर बैठा खेळ, म्हणजे श्वास खाली बसतो. बैठा खेळ पुडक्याचा. गोल बसून पुडकं फिरवायचं, गाणं थांबलं की ज्याच्या हातात असेल त्यानं एक थर उघडायचा. प्रत्येक थरात खोडरबर नाहीतर गोळी. गाणं वाजवायला भाऊ, त्याला ताकीद, "डोळे उघडे ठेवून थांबव. एकही पोरगं कोरडं राहता कामा नये."

पुडकं तिनं कारखान्यातच केलं. मुकादमाला विचारून छपाई चुकलेल्या कागदी पिशव्या घेतल्या, एकीत एक घातल्या, आणि प्रत्येकीचं तोंड मशीनवर शिवून टाकलं. सवयीनं. हात चालले, डोकं नाही.

वाढदिवसाला पुतळे झकास जमले. पडदा शाबूत राहिला. बटण हसत होता, पण कोपऱ्यातून. मग गोल झाला, पुडकं फिरलं, गाणं थांबलं.

एका पोरानं पिशवी ओढली. फाटेना. दोरा ओढला. तुटेना. दात लावले. तोवर दुसऱ्यानं हिसकावली. "मला दे!" "माझ्याकडं थांबलं होतं!" जाड कागद, चिवट दोरा. आत्याच्या लक्षात आलं. पोत्याची शिवण ती! चुकीच्या टोकानं ओढली की आवळतच जाते. सहा-सात वर्षांच्या पोरांपुढं तिनं गुरांच्या खाद्याचं पोतं ठेवलं होतं.

गडबडीत तिला कात्रीच सुचली. "कात्री आण गं!" ती ओरडली. भावजय धावली. एक पोरगं उठून दाराकडं निघालं. "जादूगार असता तर बरं झालं असतं," कुणीतरी म्हणालं, आणि आत्याला ते बरोबर वर्मी लागलं.

तेवढ्यात बटण उठला. त्यानं पुडकं घेतलं, फिरवून लोंबता दोरा शोधला, नखानं शेवटचा टाका सोडवला, आणि ओढलं.

सर्रर्र!

सगळी शिवण एका झटक्यात उसवली. पिशवीनं आ वासला. आतून गोळी टुणकन बाहेर पडली, आणि तिच्या आत तशीच दुसरी पिशवी, तोंड मिटून.

पोरं पुढं सरकली. "परत! परत कर!"

भावानं गाणं लावायचं सोडून तोंडाचा चंबू केला. आत्यानं डोळे वटारले तेव्हा कुठं गाणं सुरू झालं. आता ज्याच्याकडं पुडकं थांबे तो स्वतःच ते बटणापुढं धरी. सर्रर्र! दाराकडं निघालेलं पोरगं परत येऊन सगळ्यांच्या पुढं घुसलं. ज्या पोरीकडं जादूगार आला होता ती तर गुडघ्यांवर उभीच राहिली. "कसं केलंस? मला का नाही येत? सांग ना!"

बटणानं तोंड उघडलं. "श... श..."

शब्द अडला. आत्याचे ओठ आपोआप हलले. शब्द तिच्या जिभेवर तयार होता. टाकला असता तर पोरगं सुटलं असतं. पण तिनं ओठ घट्ट मिटले, पोत्याचे जुळवावेत तसे. आणि मग तिनं पाहिलं, कुणी हसत नव्हतं. त्या पोरीनं दोरा चिमटीत धरला होता आणि ती नुसती वाट बघत होती. बाकीचीही. कारण गुपित त्याच्याकडं होतं, आणि ते त्या पोरांत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

"श... शेवटाकडून," बटण म्हणाला. "जिथं श-शिवण संपते ना, ति-तिथून."

पोरीनं ओढलं. सर्रर्र! ती किंचाळली. मग काय, पुडकं संपल्यावर पोरांनी कोंबड्यांच्या खाद्याचं शिवलेलं पोतंही सोडलं नाही. अंगणभर दाणे झाले आणि कोंबड्यांचाच वाढदिवस साजरा झाला.

संध्याकाळी आत्या दोरे गोळा करत वाकली होती. भावजय कात्री हातात घेऊन आली. ती सापडली होती आत्ता. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

"आत्या," बटण म्हणाला, "उ-उद्या आणखी पिशव्या आण."

"कशाला रे?"

"ते ये-येणारेत."

"कोण?"

त्यानं एकेकाचं नाव घेतलं. वेळ लागला. आत्या दोरे हातात धरून सगळी नावं संपेपर्यंत उभी राहिली.