अकराव्या प्रश्नापुढचं नाव

तारापूरच्या त्या कारखान्यात मी निर्यातीचा पत्रव्यवहार बघायची. रोज सफाळ्याहून बोईसरला यायची. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कारखान्यात ईमेल येणारा संगणक एकच, आणि तो शेठच्या केबिनमध्ये. फोनची लाइन लागली तर लागली. कापड पांढरं करायचं पेरॉक्साइड आम्ही प्लास्टिकच्या पिंपांत भरून परदेशी पाठवायचो.

त्या सकाळी कोलंबोच्या गिऱ्हाइकाची ईमेल आली. आमचं एक पिंप त्यांच्या गोदामात फुटलं होतं आणि त्यांच्या एका माणसाचा चेहरा भाजला होता. दीड पान मजकूर, राग गच्च भरलेला. प्रश्न कुठेही सुटे केलेले नव्हते. एका वाक्यात दोन-दोन प्रश्न, मधेच शिवी म्हणावी असा शब्द, की पुन्हा प्रश्न.

शेठ म्हणाले, "मॅडम, छान इंग्लिशमध्ये एक पॅरेग्राफ लिहा. दिलगीर आहोत, चौकशी चालू आहे, विश्वास ठेवा. बस."

माझं डोकंच फिरलं. तिकडे माणूस भाजलाय आणि आम्ही त्याला विश्वासाची साखर चाटवायची? असल्या गुळमुळीत पॅरेग्राफात निम्मे प्रश्न बुडतात आणि आठवड्याने तेच प्रश्न दुप्पट रागाने परत येतात, हे मी चार वेळा भोगलं होतं. मी प्रिंट काढली, पेन्सिल घेतली आणि प्रत्येक प्रश्न सुटा केला. जोडवाक्यं तोडली. चौदा प्रश्न निघाले. उत्तरात तेच क्रमांक ठेवायचे, त्याचा प्रश्न जसाच्या तसा वर, आमचं उत्तर खाली. उत्तर ठाऊक नसेल तिथे सरळ 'अजून माहीत नाही' लिहायचं, आणि पुढे ते शोधणाऱ्या एका माणसाचं नाव आणि कधीपर्यंत, ते. सगळ्यात वर, आकड्यांच्याही आधी, आजच्या आज करायची गोष्ट: उरलेल्या पिंपांजवळ जाऊ नका, झाकणं आवळू नका, लांबून पाणी मारा.

अकरावा प्रश्न खरं तर प्रश्न नव्हताच. एका लांब वाक्याच्या शेपटाला अर्धं वाक्य होतं: त्याच बॅचमधला बाकीचा माल तुम्ही वेगळा काढला असेलच, असं मी धरून चालतो. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. म्हणून शेठच्या नजरेतून ते निसटलं. मी मात्र त्याला आकडा दिला. आपल्याकडे तो माल शिल्लक आहे का, कुठे आहे, कुणी पाहिला?

मी प्रॉडक्शनवाल्या साहेबांना आणि स्टोअरवाल्या काकांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. साहेब सांगलीकडचे, धिप्पाड, तोंडाने फटकळ. काका केळव्याचे, पन्नाशी उलटलेले, कधी आवाज न चढवणारे. दहापर्यंत नावं पटापट लागली. अकराव्याला गाडी अडली.

"स्टोअर लिहा," साहेब म्हणाले.

"स्टोअर कोण?" मी म्हटलं. "स्टोअरला पाय आहेत का, जाऊन बघायला? माणसाचं नाव सांगा."

"माल तुमी बिघडवला," काका म्हणाले, "नि नाव माझं?"

"साध्या बुचांची पिंपं कुणी दिली? माल बिघडला की आत वायू धरतो, हवा जाणारी बुचं नव्हती तर बोंबलायचं होतं ना!"

"बोललो व्हतो. तुमीच म्हनाले, आज माल गेलाच पायजे."

साहेबांचा हात कधी उठला ते मला दिसलंच नाही. काकांचं नाक फुटलं. शांत माणूस बिथरला की आवरत नाही. त्यांनी टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून साहेबांच्या तोंडावर हाणलं, मग दोघे एकमेकांच्या गळ्याला लागून कपाटावर आदळले. काच फुटली. शेठ खुर्ची मागे घेत "छोडो, छोडो" करत होते. माझ्या प्रिंटवर रक्ताचे थेंब पडले. भीतीपेक्षा माझा संताप मोठा होता. मी टेबलावर फाइल आपटून ओरडले, "एकमेकांचे जीव नंतर घ्या! तो माल आत्ता कुठे आहे?"

दोघेही थांबले. कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकांनी बाहीने नाक पुसलं. "लिवा बाय, माझं नाव लिवा. आमी काय पळून जात नाय."

"कधीपर्यंत?"

"आत्ताच जातो."

मी नाव लिहिलं. ते गेले. मला राहवेना, मीही जिन्यापर्यंत गेले.

पिंपं शेडमागे उन्हात होती. डोंगराकडच्या पाड्यांवरून कामाला येणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच सावलीत बसत. त्या दिवशीही बसल्या होत्या, पिंपांना पाठ टेकून, भाकरी मांडीवर. पिंपांची पोटं फुगली होती. काकांनी ते बघितलं आणि त्या माणसाच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या शिव्या सुटल्या. बायका चपापल्या, पण उठेनात. तेव्हा काकांनी एकीला दंडाला धरून फरफटत काढलं, दुसरीच्या पाठीत गुद्दा घातला, भाकऱ्या लाथाडल्या. बायका ओरडत, शिव्या देत पळाल्या. मग त्यांनी पाण्याचा पाइप ओढला.

लांबून मारायला पाइप पुरला नाही. ते थोडे पुढे गेले, तेवढ्यात एक पिंप फुटलं.

आवाजापेक्षा त्यांची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. बूच डोळ्यावर बसलं होतं आणि अंगभर पेरॉक्साइड उडालं होतं. माझ्या बाजूने साहेब धावत गेले, ओठ फाटलेला, शर्ट रक्ताने भरलेला. त्यांनी काकांना उचलून शेडच्या भिंतीवरच्या आणीबाणीच्या फवाऱ्याखाली धरलं. काका लाथा झाडत होते, साहेब त्यांना घट्ट आवळून "डोळे उघडा, काका, उघडा ना!" म्हणत ढसाढसा रडत होते. गाडी येईपर्यंत त्यांनी पाणी बंद होऊ दिलं नाही.

गाडी यायच्या आतच दुसरं पिंप फुटलं. बायका बसायच्या त्याच जागी. आता तिथे फक्त भाकऱ्या होत्या.

संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. "अकराव्यात लिहा, सर्व माल वेगळा आणि सुरक्षित ठेवला आहे. त्याचं नाव काढून टाका. स्टोअर डिपार्टमेंट लिहा."

"लिहिते," मी म्हटलं. "पण नावाशिवाय उत्तर जात नाही. तुमचं नाव घालते."

नोकरी गेलीच, असं मी मनात धरलं. खोटं सांगायला त्यांची हरकत नव्हती. त्या खोट्यापुढे स्वतःचं नाव मात्र त्यांना नको होतं. शेवटी म्हणाले, "जे आहे ते राहू द्या."

जे होतं ते गेलं. अकरा: माल वेगळा काढलेला नव्हता. आज पाहिला, दोन पिंपं फुटली. पाहणारा, काकांचं पूर्ण नाव. सध्या इस्पितळात. उरलेल्या पिंपांवर पाणी चालू आहे. जबाबदार, साहेबांचं पूर्ण नाव. ते त्यांनी स्वतःच मला लिहायला सांगितलं होतं, सुजलेल्या तोंडाने.

दुसऱ्या दिवशी कोलंबोहून उत्तर आलं. पानंच्या पानं भांडण घेऊन येतील म्हणून मी कंबर कसून बसले होते. एकच ओळ होती. माझ्याच पद्धतीने त्याने पुढचा आकडा घातला होता. पंधरा: आणि काकांचं नाव, आडनावासकट. ते कसे आहेत?

डिपार्टमेंटची तब्येत कुणी विचारली नसती. मी केबिनमध्ये शेठसमोरच रडले, आणि मग उत्तर टाइप केलं.

पंधरा: डावा डोळा गेला. उजवा वाचला. त्यांनी हुसकावलेल्या बायकांपैकी कुणालाही इजा नाही. इस्पितळातली खबर रोज कळवीन.

पुढे माझं नाव लिहिलं.