दारापुढची चळत

द्रौपदी शेजवळ फोटो काढून पोट भरायची, आणि तिच्या कामाच्या तीन तऱ्हा होत्या. नाशिकहून नवऱ्याच्या नोकरीपायी ऑकलंडला आली तेव्हा पहिली काही वर्षं तिने नुसत्या जाहिराती केल्या. खरं सूप दिव्यांखाली निवून जातं, म्हणून वाफेचा फोटो वेगळा काढून ती वाडग्यावर चढवायची. भिंतीवरच्या वायरी, फरशीचे तडे, आरशात दिसणारा स्वतःचा कॅमेरा हे सगळं ती बिनदिक्कत पुसायची. पण डबाबंद सूप विकणाऱ्या एकाने सुपात चिकनचे जास्तीचे तुकडे घालायला सांगितले तेव्हा मात्र तिने नाही म्हटलं. डबा विकत घेणाऱ्याला ते तुकडे मिळणार नव्हते.

दुसरी तऱ्हा तिच्या हौसेची. क्राइस्टचर्चला, रिकार्टन भागातल्या एका छोट्या गॅलरीत तिची चित्रं लागली होती. त्यातल्या एकात तिच्या आईच्या नाशिकच्या स्वयंपाकघरात पॅसिफिक समुद्र शिरला होता आणि आई गुडघाभर पाण्यात भाकरी थापत होती. शेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं की हे अनेक फोटो जोडून केलेलं आहे.

तिसरी तऱ्हा बातमीची. एका दैनिकासाठी ती अधूनमधून फोटो द्यायची. तिथे उजेड कमीजास्त करावा, रंग डोळ्यांना दिसले तसे आणावेत, लेन्समागच्या धुळीचा ठिपका काढावा, चौकट सरळ करावी, आणि हात बाजूला घ्यावा. रस्त्यावर पडलेला कागदी कप फोटोत पुसायचा नाही, आणि फोटो काढण्याआधी पायाने सारायचाही नाही.

ऑकलंडच्याच ईस्ट टामाकी भागातल्या एका गोदामात सकाळच्या पाळीला आग लागली. फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या कोपऱ्यात भडका उडाला होता. द्रौपदी जवळच राहायची, म्हणून दैनिकाने तिला फोन केला. ती पोचेपर्यंत बंबवाल्यांनी आग आटोक्यात आणली होती. गोदामातली, पिवळ्या जॅकेटातली माणसं फुटपाथवर खोकत बसली होती, आणि त्यांच्या मागे, रस्त्यावरूनही दिसेल असं, गोदामाचं आणीबाणीचं दार होतं. वर हिरवी पाटी, खाली बाहेरून दाराला टेकून पॅलेटांची, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांची, छातीइतकी चळत.

तिथे सुयश भेटला. तो मुंबईचा, गोदामात माल हलवायचा. त्याने सांगितलं की धुरात सगळे त्या दाराशी धावले, दार हललंच नाही, मग अंदाजाने चाचपडत मागे फिरून माल चढवायच्या शटरमधून बाहेर पडले. कुणी दगावलं नाही, पण दोघांना हॉस्पिटलात नेलं होतं. द्रौपदीने ती माणसं आणि ते दार एका चौकटीत घेतलं.

निघताना सुयशने तिला थांबवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो बघून तो हिरमुसला होता. धूर विरलाय, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं, असं त्याचं म्हणणं होतं.

"ताई, दारापाशी थोडा धूर घाला ना. होता तो, आम्ही गिळलाय."

"मी आले तेव्हा तिथे नव्हता," द्रौपदी म्हणाली. "आज मी धूर घातला, तर उद्या कंपनीवाले म्हणतील पॅलेटही हिनेच घातले. तू गिळलास ते तुझ्या तोंडून छापू. फोटोत मी पाहिलं तेवढंच राहील."

सुयशला ते पटलं नाही, पण दैनिकाच्या वार्ताहराला त्याने सगळं नावानिशी सांगितलं.

दुपारी नीताचा फोन आला. ती गोदामाच्या कंपनीची मार्केटिंग मॅनेजर. आदल्या वर्षी कंपनीच्या माहितीपत्रकाचे फोटो द्रौपदीनेच काढले होते, आणि तेव्हापासून दोघींची चांगली ओळख होती. नीताने आधी तब्येतीची चौकशी केली, मग मुद्द्यावर आली. दैनिकाला फोटो जायचाच असेल तर जाऊ दे, पण ती चळत तेवढी काढून टाक, असं तिने सुचवलं. ते जमत नसेल तर चळत दिसते ती उजवी बाजू कापावी. बातमीतही फोटो कापायला मुभा असतेच की.

"असते," द्रौपदी म्हणाली. "पण कापल्याने जे झालं तेच बाहेर राहणार असेल, तर ती कात्री नव्हे, पुसणंच झालं."

"द्रौपदीताई, गेल्या वर्षी हेच दार, हेच पॅलेट. तुम्हीच पुसले. आईच्या स्वयंपाकघरात समुद्र घालता, आणि इथे चार लाकडं काढायला तुमचा हात अडतो?"

"आईकडे जाऊन पाणी किती आलंय ते कुणी बघत नाही, नीता. पाटीवर लिहिलंय. तुमच्या पत्रकाकडे लोक जाहिरात म्हणून बघतात. पेपरातला फोटो बघून लोक म्हणतात, असं घडलं. मी तो शब्द दिलेला असतो."

नीताने थंडपणे सांगितलं की पुढच्या कामांचा विचार कंपनीला करावा लागेल. करा, म्हणून द्रौपदीने फोन ठेवला.

दैनिकाच्या फोटो संपादक हेलनने खात्रीसाठी मूळ फाइल आणि त्याच्या आधी-नंतर काढलेले फोटो मागवून घेतले. फोटो पहिल्या पानावर आला.

आणि मग कंपनीने उलटा वार केला. पेपरातला फोटो बनावट आहे, असं तिने जाहीर केलं, आणि पुरावा म्हणून आमचं दार कायम मोकळं असतं असं लिहून आपल्या वेबसाइटवर एक फोटो टाकला. हिरवी पाटी, झाडलेली फरशी, मोकळं दार. माहितीपत्रकातला. द्रौपदीनेच पुसलेला.

ती जेवणाच्या टेबलाशी बसून तो बघत राहिली. जाहिरातीच्या पानावर तो फोटो नुसता नटलेला होता. आता तोच साक्षीला उभा राहिला होता, आणि खोटं बोलत होता. मैत्रेयने, तिच्या नवऱ्याने, तिला समजावलं की हेलनकडे मूळ फाइल आहे, दैनिक बघून घेईल, तू गप्प राहा. स्वतः बोललीस तर लोक म्हणतील, ही पॅलेट पुसते हे हिनेच कबूल केलं, मग हिचा कुठला फोटो खरा मानायचा? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गिऱ्हाइकं जातील हेही खरं होतं.

"म्हणू देत," ती म्हणाली. "माझा फोटो त्यांच्या तोंडून बोलणार असेल, तर मी माझ्या तोंडून बोलेन."

तिने माहितीपत्रकाचा मूळ फोटो, पॅलेटांसकट, आणि पुसलेला फोटो शेजारी-शेजारी ठेवून दैनिकाला दिले. सोबत आपल्या नावाने लिहिलं: हा फोटो जाहिरातीसाठी होता, पॅलेट मी कंपनीच्या सांगण्यावरून काढले. जाहिरातीत मी असं करते आणि पुढेही करीन. तो फोटो दाराचा पुरावा नाही. बातमीच्या फोटोतलं मी काहीही हलवलेलं नाही. ज्याला शंका असेल त्याने फाइल बघावी.

दैनिकाने दोन्ही मूळ फाइली बाहेरच्या एका तज्ज्ञाकडून तपासून घेतल्या आणि निकाल छापला. दोन्हींत पॅलेट होते. एका वर्षाच्या अंतराने, त्याच दारापुढे. आता ही एका सकाळची गफलत आहे असं म्हणायची सोय कंपनीला राहिली नाही. तिने तो मोकळ्या दाराचा फोटो गुपचूप काढून टाकला. कामगार सुरक्षेचे तपासनीस गोदामात आले, आणि सुयश त्यांच्याशी बराच वेळ बोलला.

द्रौपदीची दोन गिऱ्हाइकं गेली. एका ओळखीच्या बाईंनी दिवाळीच्या कार्यक्रमात तिला ऐकवलं की आपल्याच माणसांच्या नोकऱ्यांवर तू उठलीस. द्रौपदीने विचारलं, "त्या दाराशी अडकली ती कुणाची माणसं होती?" आणि ताट घेऊन रांगेत पुढे सरकली.

पुढच्या आठवड्यात तिच्याकडे आइस्क्रीमची जाहिरात आली. दिव्यांखाली ते वितळत होतं. तिने वितळलेला ओघळ पुसला, वर गारव्याची वाफ चढवली, आणि फाइल पाठवून दिली.