सिम समुद्रावर, फोन घरात

आमच्या आळीत बोट सुटायच्या आधी चांगल्या फोनातलं सिम काढून जुन्या बटणांच्या फोनात घालतात. खारं पाणी चांगल्या फोनाला सोसत नाही. खातं माझं, पण बँकेत नंबर यजमानांचा. त्यामुळे हे समुद्रावर गेले की माझं पैसे पाठवायचं ॲप बंद. मी मासळी रोखीने विकायचे, कधी अडलं नाही.

मग मुलीचं नाव नर्सिंगच्या प्रवेशयादीत लागलं, नेमकं हे बोटीवर असताना. यादी शनिवारी संध्याकाळी आली. रविवारी संध्याकाळपर्यंत फी ऑनलाइन भरायची, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. बँक बंद, आणि जावेच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते.

ॲप उघडलं तर म्हणे, या फोनात तुमचं सिम नाही. जावेच्या फोनात यांचा नंबर टाकून पाहिला. पण ॲपला त्याच नंबरावरून बँकेकडे मेसेज पाठवायचा होता, आणि ते सिम तिच्या फोनात कुठून असणार? कार्डाने भरावं तर ओटीपीही त्याच नंबरावर. मी त्या ॲपला नको नको ते बोलले.

जाऊ म्हणाली, "अगो, कुनीपन आपल्या फोनात तुझा नंबर टाकून पैसं काढावं, असा पायजे का तुला?"

तिचं खरं होतं, पण माझा राग काही उतरला नाही.

यांच्या फोनाला एवढ्या लांब समुद्रात रेंज नव्हती, म्हणून शेवटी आम्ही धक्क्यावर गेलो. तिथल्या एका बोटीच्या वायरलेसवरून यांना गाठलं. आमच्याच बंदरात परतणारी एक बोट त्यांच्या आसपास होती. तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, वाट वाकडी करून यांच्या बोटीला भिडला. रविवारी दुपारी तो स्वतः दारात आला आणि माझ्या हातावर काडेपेटी ठेवली.

"बघून घे गो, आत हाय."

सिम घातलं. ॲपने नंबर पुन्हा तपासायला मागितला, फोनातून आपोआप बँकेकडे मेसेज गेला, थोडा वेळ नुसतं चाक फिरत राहिलं आणि माझं खातं दिसू लागलं. पिन जुनाच चालला. फी भरली गेली. तांडेलाने डिझेलचे पैसे घेतले नाहीत, नुसता चहा घेतला. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण सिम आमच्याकडे आलं, म्हणजे परतताना किनाऱ्याजवळ रेंज मिळाली तरी यांच्याकडे चालणारा फोनच उरला नाही. यांची बोट पुढे वायरलेसच्या टप्प्याबाहेर गेली होती. फी भरल्याचा निरोप पोचलाच नाही.

बोट परतली तेव्हा दोर टाकायच्या आधीच हे नाळेवर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, उभे होते.

"पोरीचा झाला काय?"

मी होय म्हणून मान हलवली. हे तिथेच जाळ्याच्या ढिगावर बसले आणि सगळ्या खलाशांसमोर ढसाढसा रडले.