हरायला बसलेल्या बाई

कॉम्प्युटरच्या थिअरीच्या बाई तापट. पंपिंग लेमाच्या तासाला तर शत्रूच व्हायच्या. हा नियम म्हणजे दोघांचा डावच: शत्रू p हा आकडा ठरवतो, आपण निदान तेवढा लांब शब्द देतो, शत्रू त्याचे तीन तुकडे पाडतो, आणि मधला तुकडा पुन्हा लिहून शब्द भाषेबाहेर गेला की आपण जिंकतो. "आधी a, मग तितकेच b" अशा शब्दांची भाषा रेग्युलर नाही, म्हणजे मर्यादित स्मृतीच्या यंत्राला ती ओळखता येत नाही, हे फळ्यावर दाखवताना एका मुलीने शब्दाचे तुकडेही स्वतःच पाडले.

"अगं, सोयीचे तुकडे पाडून काय सिद्ध होणार? p माझा, तुकडेही मीच पाडणार!"

मुलगी रडवेली झाली. बाईंनी खडू तिच्या हातात दिला. तिने p वेळा a, मग p वेळा b लिहिले.

"मधला तुकडा पहिल्या p अक्षरांतच हवा, आणि रिकामा चालत नाही. म्हणजे कुठेही कापा, त्यात फक्त a येणार. तो दोनदा लिहिला की a वाढतील, b तेवढेच राहतील, म्हणजे शब्द भाषेबाहेर!"

"हरले गं," बाई म्हणाल्या. इतक्या आनंदाने हरताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं.