मागच्या पानावरचा मी

एकाच माणसाला आपला परिचय तीन ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून द्यावा लागतो, हे मला पहिलं पुस्तक येईपर्यंत माहीत नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्याला कॉलेजात शिकवत होतो. पुस्तक केळीच्या लागवडीवर होतं, छोटंसंच, आणि जळगावचे एक प्रकाशक ते आपल्याच छापखान्यात छापत होते.

"मागच्या पानासाठी परिचय द्या," ते म्हणाले. "आणि तो 'मी अमुक, मी तमुक' असा नको. लेखकाविषयी दुसरं कुणी सांगतंय असा लिहा. स्वतःचा ढोल स्वतः वाजवला की गिऱ्हाईक पुस्तक खाली ठेवतं."

"पण लिहिणार मीच ना?"

"तुम्हीच. मी काय तुमच्यासाठी माणूस ठेवू?"

मी तिथेच, शाईच्या वासात, टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसलो. स्वतःला 'ते' म्हणताना पहिल्या ओळीला लाज वाटली. दुसऱ्या ओळीला कमी वाटली. तिसऱ्या ओळीपर्यंत ते एक भारदस्त परके गृहस्थ झाले होते आणि त्यांच्याविषयी काहीही चांगलं लिहायला माझी हरकत उरली नव्हती. मी लिहिलं, 'एरंडोल तालुक्यातील स्वतःच्या मळ्यात त्यांनी अनेक वर्षे केळीवर प्रयोग केले.'

मळा होता. प्रयोगही झाले होते. पण ते केले होते माझ्या मोठ्या भावाने, नानांनी. बांधावर शेवरीची दाट रांग लावून उन्हाळ्याचा झळांचा वारा अडवणं त्यांचं. कोणत्या बागेचा खोडवा, म्हणजे घड उतरल्यावर त्याच बुंध्याचं दुसरं पीक, ठेवायचा आणि कोणती मोडायची, हा निवाडाही त्यांचाच. मी सुट्टीत जायचो, विचारायचो, लिहून आणायचो. हे सगळं माहीत असूनही ते वाक्य लिहिताना माझा हात अडला नाही. कारण त्यात 'मी' नव्हतो.

मग भुसावळला व्याख्यान ठरलं. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी पत्राने परिचय मागवला. सूत्रसंचालक तो मोठ्याने वाचणार, म्हणजे तोही 'ते'चाच हवा. मी मागच्या पानावरचाच उतरवून पाठवला. तीच तर सोय असते.

नानांना मी व्याख्यानाचं कळवलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. ते आले. आयोजकांसाठी केळीचा घड घेऊन, धुतलेली टोपी घालून, पहिल्या रांगेत बसले. सूत्रसंचालकांनी खणखणीत आवाजात वाचलं, "स्वतःच्या मळ्यात त्यांनी अनेक वर्षे केळीवर प्रयोग केले!" टाळ्या पडल्या. नानांनीही टाळ्या वाजवल्या. जोरात, हात वर करून.

परतताना स्टेशनवर ते त्या परिचयाबद्दल एवढंच म्हणाले, "माणूस चांगला शे. कधी मळ्यात आला तर मले बी भेटाड."

मी हसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. गाडी आली म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला बराच काळ सांगत आलो. गाडीला उशीर होता.

तिसरं ठिकाण रेडिओचं. जळगावच्या केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी संध्याकाळी भाषण. मी पुस्तकातलाच मजकूर, तशाच भाषेत लिहून नेला. तिथले अधिकारी संहिता वाचत होते. मध्येच त्यांनी पेन ठेवलं.

"'लेखकाने स्वतःच्या मळ्यात अनेक वर्षे केळीवर प्रयोग केले' हे काय आहे सर? निवेदिका तुमच्याबद्दल दोन ओळी बोलेल, त्या 'ते' करून ठीक. पण मग माईकवर तुम्ही आहात. शेतकरी गोठ्यात बसून ऐकतोय. त्याला तुमचा आवाज येतोय आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगताय! तो म्हणेल, हा बोवा कोण? सरळ 'मी' करा. मी लावली, मी पाहिलं, मला कळलं. रेकॉर्डिंग परवा."

मी धुळ्याला परतून ते वाक्य बदलायला बसलो. बदल किरकोळ होता. 'लेखकाने'च्या जागी 'मी'. 'मी माझ्या मळ्यात अनेक वर्षे केळीवर प्रयोग केले.' मोठ्याने वाचून पाहायला गेलो आणि अर्ध्यावरच कागद खाली ठेवला. माझ्या स्वतःच्या आवाजात, 'मी' म्हणून, ते वाक्य सरळ खोटं होतं. इतके दिवस ते खोटं त्या परक्या गृहस्थांच्या नावावर खपत होतं.

मग मात्र मी ठरवलं. संहिता नव्याने लिहिली.

केंद्रावर अधिकारी चरकले. "यात तर तुमचं काहीच उरत नाही. तज्ज्ञ म्हणून बोलावलंय तुम्हाला. आणि निवेदिकेच्या ओळी टाइप झाल्यात. त्यात 'स्वतःच्या मळ्यात' आहे."

"त्या ओळीही बदला."

"सर, दोन शब्दांनी काय होतं?"

"माझं भाषणच राहू द्या मग."

मी तसा मऊ माणूस, हे त्यांनीही ओळखलं असणार; त्यांनी आणखी थोडं समजावून पाहिलं. अखेर त्यांनी निवेदिकेला बोलावून ओळ खोडायला लावली.

लाल दिवा लागला. मी म्हणालो, "मी प्राध्यापक आहे. केळी मी लावलेली नाही. ती माझ्या थोरल्या भावाने लावली. मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन विचारलं आणि लिहून घेतलं. त्याने जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो." पुढचं सगळं सुरळीत गेलं.

भाषण लागल्यावर मी त्या रविवारी मळ्यात गेलो. नाना पाण्याच्या दांडावर उभे होते.

"ऐकलं का नाना?"

"ऐकं. दिवाळीनी सुट्टी म्हणे! उन्हायानी सुट्टीमा कोण येस मंग? आंबा खावाले येस, तो बी सांगाना व्हता."

"नाना, पुस्तकावर जे छापलं ते चूक झालं. भुसावळलाही तेच वाचलं गेलं. तुम्ही समोर होता."

त्यांनी फावड्याने दांड सारखा केला. "टाळ्या मी मनाच कामले वाजाड्यात," ते म्हणाले. "तुले वाटनं काय, तुले वाजाड्यात?"

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी प्रकाशकांकडे दोन परिचय घेऊन गेलो. माझा आधी 'मी' करून लिहिला होता. मोठ्याने वाचून जे जे माझ्या तोंडात टिकलं तेवढंच ठेवलं आणि मग त्याचं 'ते' केलं. खूप आखूड झाला. आजही कुणी परिचय मागितला, तर वाचणारा कोण आणि ऐकणारा कोण ते पाहून 'मी' किंवा 'ते' ठरवतो. पण पहिला खर्डा 'मी'चाच.

दुसरा परिचय नानांचा. तो मी त्यांना विचारून लिहिला होता. 'त्यांनी' असं लिहून वाचून दाखवलं तेव्हा ते भडकले होते. "हाऊ कोण? मी मरी गऊ का? लिख, मी केळी लावस."

प्रकाशक वैतागले. "एका पानावर दोन तऱ्हा? एक 'ते', एक 'मी', आणि तीही अहिराणीत? लोक हसतील हो."

"हसू द्या."

"निदान 'मी केळी लावतो' असं तरी करू."

"एक अक्षर बदलायचं नाही," मी म्हणालो, आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी स्टूल ओढून, पान जुळून होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.