मर्यादेच्या तीनशे, मर्यादेपेक्षा अडीचशे

पहिला फटका कानावर बसला तेव्हा माझ्या हातात कागद होते. दुसरा कोपरावर, लोखंडी सळईचा. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

तेव्हा मी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायचो. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. चहाही नासतो त्यात. शेजारच्या दोन गावांचे नमुने आले होते. पाणी गोडं करणारं यंत्र एकच मंजूर होतं आणि ज्या गावाच्या पाण्यात क्षार जास्त, त्या गावाला ते मिळायचं होतं.

मर्यादा लिटरला पाचशे मिलिग्रॅम. पहिल्या गावाचं पाणी पंधराशे भरलं. त्याची नोटीस मी लिहिली: 'क्षार मर्यादेच्या ३०० टक्के.' दुसऱ्या गावाचं भरलं साडेसतराशे. ती नोटीस माझ्या सहकारीण बाईंनी लिहिली: 'क्षार मर्यादेपेक्षा २५० टक्के जास्त.' दोन्ही बरोबर. मर्यादेच्या तीनशे टक्के म्हणजे पाचशेची तिप्पट. अडीचशे टक्के जास्त म्हणजे मूळच्या पाचशेवर साडेबाराशेची भर. दुसऱ्या गावाचं पाणीच जास्त खारट होतं. दोन्ही कागदांवर शेवटची सही माझी. पण ते शेजारी ठेवून लोकांच्या नजरेनं काही मी वाचले नाहीत.

यंत्र दुसऱ्या गावात बसलं. आठवड्यानं पहिल्या गावानं मला ग्रामसभेला बोलावलं. शाळेच्या पटांगणात दीड-दोनशे माणसं होती. सरपंचबाईंनी दोन्ही नोटिसा वाचल्या आणि विचारलं, "साहेब, तीनशे मोठे का अडीचशे?"

पुढच्या रांगेत एक उंच माणूस उभा होता. दोन महिन्यांपूर्वी त्याचा मोठा भाऊ किडनीच्या आजारानं गेला होता. तो ओरडला, "आमचं पानी तिपटीनं जास्त खारं हाय! मंग मशीन त्याईले काहून देल्ली?"

"तिपटीनं जास्त नाही हो, तिप्पट आहे," मी म्हणालो. "तिपटीनं जास्त असतं तर दोन हजार भरलं असतं. तुमचं पंधराशे आहे. त्यांच्याच पद्धतीनं लिहिलं तर तुमचं दोनशे टक्केच जास्त."



"आता दोनशे झाले?" तो माणूस हळूच म्हणाला. "कागदावर तीनशे, तोंडात दोनशे. आमाले येडं समजून राहिला का बे?"

मी घाबरलो. घाईनं म्हणालो, "चूक माझीच आहे." मला लिहिण्याची चूक म्हणायची होती. त्यांना वाटलं, मी लाच खाल्ल्याचं कबूल केलं.

त्यानंतर काय काय झालं ते तुकड्यातुकड्यानं आठवतं. कोणीतरी केस धरून मला खाली ओढलं. छातीवर लाथा. दोन दात जिभेवर सुटे होऊन आले, ते मी थुंकले. तो माणूस सळई हाणताना एकच म्हणत होता, "माहा भाऊ मेला बे! माहा भाऊ मेला!" सरपंचबाई माझ्या अंगावर आडव्या पडल्या म्हणून मी जगलो. एक फटका त्यांच्याही पाठीत बसला.

जमाव तिथं थांबला नाही. ट्रॅक्टरमध्ये कुऱ्हाडी टाकून पोरंटोरं शेजारच्या गावात गेली. यंत्राच्या टाक्या फोडल्या, पंप तोडला. त्या गावचेही लोक काठ्या घेऊन धावले. दगडफेकीत तिथल्या एका माणसाचा डोळा गेला. दुपारनंतर गोडं पाणी दोन्ही गावांत नव्हतं.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. मारणाऱ्याचं नाव मी सांगितलं. दया वगैरे काही वाटली नाही. पण आमच्या नोटिसा कशा लिहिल्या होत्या तेही जबाबात घालायला लावलं. जमादारानं तीनदा विचारलं, "म्हणजे खोटं कोणतं?" तोंड सुजलेलं, डाव्या हातानं मी त्याला पाचशे, पंधराशे, साडेसतराशे लिहून दाखवले.

सहकारीण बाई भेटायला आल्या आणि रडल्या. म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं, तुम्ही कसं लिहिलंय ते." मी म्हणालो, "सही माझी होती."

खटला अजून चालू आहे. तो माणूस जामिनावर आहे. मागच्या तारखेला अचानक समोर आला आणि मी एक पाऊल मागे सरलो. त्यानं खिशातून आमची जुनी नोटीस काढली, घड्यांवर फाटलेली, आणि माझ्या हातात दिली.

"वकिलानं समजावलं," तो म्हणाला. "त्याईचं पानी खरंच जास्त खारं होतं?"

"हो."

"मंग असं सरळ काहून नाई लिवलं तुमी?"

कोपर अजून सरळ होत नाही, म्हणून डाव्या हातानं नोटीस परत केली. तेवढ्यात पुकारा झाला आणि आम्ही दोघं आत गेलो.