दोन लेकरांची एक नोंद

लोणावळा स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी गेली बरीच वर्षं कॉम्प्युटर सांभाळते. माझं गाव मावळातच, बेगडेवाडीहून लोकल पकडायची, दहाच्या आत शटर उघडायचं. त्याआधी मी पुण्यातल्या एका कंपनीत डेटा साफ करायचं काम करत होते. कंपनी बंद पडली, मी घरी बसले आणि स्टुडिओच्या काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, बोलावून घेतलं. मला काम येतं याचा मला भारी तोरा होता. आज हे लिहिताना त्या तोऱ्याची शिसारी येते, पण होता हे खरं.

आमच्याकडं गिऱ्हाइकांची यादी म्हणजे खिचडी होती. आधी वहीत, मग कुणीतरी कॉम्प्युटरवर इंग्रजीत, मग पुढच्या पोराने मराठीत. एकच लोहगडवाडी कुठं जोडून, कुठं तोडून, कुठं ह गाळून, कुठं शेवटचा काना खाऊन. माणसांच्या नावांचं तर विचारूच नका. मावळातलं नाव इंग्रजीत लिहायला चार माणसं बसवली की पाच तऱ्हा होतात. त्यामुळे एकाच बाईचे तीन ग्राहक क्रमांक आणि लेकराच्या वाढदिवसाला तिला तीन-तीन मेसेज. तो मेसेज काकांनी कधीतरी लिहून ठेवलेला होता, दरवर्षी आपोआप जायचा. लाडक्या बाळाला शुभेच्छा, आणि खाली एक ओळ: "बाळ आता मोठं झालं असेल, नवा फोटो काढायला जरूर या." तीनदा आलेला बघून लोक वैतागून फोन करायचे.

मी म्हटलं, काका, हे मी निस्तरते. मिळत्याजुळत्या नोंदी शोधणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो काय करतो, तर एक नाव दुसऱ्यासारखं करायला किती अक्षरं बदलावी लागतील ते मोजतो आणि शंभरपैकी गुण देतो. सगळ्यांची सगळ्यांशी तुलना करत बसला तर दिवाळी उजाडेल, म्हणून आधी ज्यांचा फोन नंबर किंवा गाव जुळतंय तेवढ्याच जोड्या घ्यायच्या. मग बाळाचं नाव, आईचं नाव, पत्ता, फोन, प्रत्येकाचे गुण वजनाप्रमाणे एकत्र करायचे. नव्वदच्या वर म्हणजे एकच माणूस, आपोआप एक करा. सत्तर ते नव्वद म्हणजे शंका, डोळ्यांनी बघा. त्याखाली सोडून द्या.

एकत्र करायचं कामही मी शिकल्याप्रमाणे केलं, म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं. यादीचा बॅकअप घेतला. जुना क्रमांक पुसायचा नाही, तो नव्याकडं बोट दाखवील असं ठेवलं, म्हणजे कुणी जुनी पावती घेऊन आलं तरी अडणार नाही. कुठली नोंद कुठल्यात गेली त्याची वेगळी यादी ठेवली, चुकलं तर परत सुटी करता यावी म्हणून. आणि एक नियम होता: नाव कितीही जुळो, जन्मतारीख वेगळी असेल तर माणसाने बघितल्याशिवाय एक करायचं नाही.

तो नियम मी बंद केला. अर्ध्या तारखा भरणाऱ्यांनी एक जानेवारी ठोकून दिलेल्या, बाकीच्यांत दिवसाचा महिना झालेला. त्या नियमापायी इतक्या जोड्या माझ्या डोक्यावर येऊन पडल्या की दोन दिवस बघून मला कंटाळा आला. कंटाळाच, दुसरं काही नाही. तारखेला गुणातूनच काढून टाकलं आणि यंत्र सोडलं. जेवून येईपर्यंत यादी निम्म्यावर आली होती. काकांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी नव्या क्रमांकांप्रमाणे फोटोंची फोल्डरंही एकात एक ओतली, आणि फोटोंची जुनी हार्ड डिस्क पुसून तिच्यात लग्नाचे व्हिडिओ भरले. मेसेज दुप्पट जायचे थांबले. मी महिनाभर नाक वर करून हिंडले.

पुढच्या हिवाळ्यात एक बाई आली. तिशीची असेल. लोहगडाच्या पायथ्याला, वाडीतच तिची टपरी, गडावर जाणाऱ्यांना सरबत आणि पिठलं-भाकरी देते. धंद्याचा दिवस सोडून आली होती हे तिच्या बोलण्यावरून कळलं. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आमची जुनी पावती काढली आणि विचारलं, यंदा मेसेज का न्हाई आला? मला वाटलं, सवलतीची आशा असणार. मी क्रमांक टाकला. जुना क्रमांक नव्याकडं गेला, बरोबर नोंद उघडली, आणि मला माझंच कौतुक वाटलं. म्हटलं, मेसेज गेलाय की, मे महिन्यात. ती म्हणाली, तो धाकट्याचा. थोरल्याचा मार्गशीर्षात असतो.

मी पडद्याकडं बघून सांगितलं, ताई, तुमच्या नावावर एकच बाळ आहे.

ती म्हणाली, फोटो दाखवा. मी फोल्डर उघडलं. आमच्या स्टुडिओच्या पेटीतला बाळकृष्णाचा पोशाख, मोरपिसाचा मुकुट, हातात लाकडी बासरी. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, हा धाकटाच. मी तरी ऐकावं की नाही? पोशाख तोच, नाव तेच, आई तीच, नंबर तोच. मी तिला समजावायला लागले. म्हटलं, लेकरं लहानपणी वेगळी दिसतात, तुमचा गोंधळ होतोय, हाच तो. माझ्या आवाजात शहाणपण होतं, तेही तिला ऐकू गेलं असणार.

"मला दोन लेकरं झाली, ताई," ती म्हणाली. "तुमच्याकडं एकच कसं?"

मग तिने सगळं सांगितलं, माझ्याकडं न बघता, त्या पडद्याकडं बघत. थोरला पहिल्या वाढदिवसाला इथंच फोटो काढून गेला आणि पुढच्या पावसाळ्यात तापाने गेला. दीड वर्षाचा होता. दोन वर्षांनी दुसरा झाला तेव्हा सासू म्हणाली, तोच परत आलाय, नाव तेच ठेवा. तेच ठेवलं. पहिल्या वाढदिवसाला त्यालाही इथंच आणला, तोच पोशाख मागून घातला. तेव्हापासून घरात थोरल्याचा विषय कुणी काढत नाही, कारण तो परत आलाय ना! वर्षातून एकदा तेवढा त्याच्या तारखेला आमचा मेसेज यायचा. यंदा आला नाही. आणि भिंतीवरचा त्याचा फोटो ओल येऊन काचेला चिकटलाय, बुरशीने तोंड खाल्लंय, म्हणून दुसरी प्रत हवी होती.

माझ्या सख्ख्या चुलत्याचं नाव त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाचं आहे. आमच्या भावकीत अशी आणखी दोन घरं आहेत. पुण्यातल्या कुणा परक्याने ही चूक केली असती तर मी त्याला मावळ माहीत नाही म्हणून हसले असते. मला माहीत होतं. तारीख तेवढी बघितली असती तर एका नजरेत कळलं असतं.

मी तिला बसवलं आणि विलीन केलेल्यांची यादी काढली. जोडी सापडली, चौऱ्याण्णव गुण. आईच्या नावात एक अक्षर इकडंतिकडं, गावाच्या नावात एक. दोन तारखा शेजारी शेजारी, साडेतीन वर्षांच्या अंतराने. नोंद सुटी करायला मिनिट लागलं नाही. थोरला परत यादीत आला, त्याच्या नावाचा, त्याच्या क्रमांकाचा, त्याच्या तारखेचा. फोल्डर मात्र रिकामं. दोघांच्याही फाइलींना आम्ही एकच नावं दिली होती, पहिला फोटो वाढदिवस एक, दुसरा वाढदिवस दोन, तिसरा वाढदिवस तीन. त्याच नावाची फाइल आली की आधीची बदल, असं मीच यंत्राला सांगून ठेवलं होतं. यादीचा बॅकअप होता. फोटोंचा नव्हता. मूळ फोटो होते त्या जुन्या डिस्कवर, आणि ती मी पुसली होती.

हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. शोधून कळवते म्हणाले. डिस्क घेऊन पुण्याला गेले, पुसलेलं परत काढणाऱ्याकडं. त्याने आठवडाभर ठेवून घेतली आणि सांगितलं, नुसती पुसली असती तर काहीतरी हाती लागलं असतं, वर एवढं भरल्यावर आता काही नाही. परतीच्या गाडीत मी रडले, चांगली हुंदके देऊन. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

रविवार टाळून मधल्या वारी मी लोहगडवाडीला गेले. टपरीवर कुणी नव्हतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कंटाळा केला हेही सांगितलं. तिने मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. ती आत गेली आणि भिंतीवरची चौकट घेऊन आली. पांढऱ्या डागांखाली मुकुटाचं एक पीस, बासरीवरची मूठ आणि मनगटातला काळा दोरा एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, स्टुडिओत नेते, काचेसकट स्कॅन करते, जमेल तेवढं करते.

"ही न्हाई द्यायची," ती म्हणाली. "तुमच्याकडं एकदा दिलता."

मग त्या चौकटीचा फोटो तिथंच काढला, माझ्या कॅमेऱ्यावर. काचेवर उन्हाची चमक येऊ नये म्हणून ती चौकट दोन्ही हातांनी धरून टपरीच्या सावलीत उभी राहिली. थोरल्याच्या फोल्डरमध्ये आता तो एकच फोटो आहे, आणि त्यात खालच्या कडेला तिचे दोन अंगठे आलेत. मी ते कापले नाहीत. या दोन नोंदी कधीही एक करायच्या नाहीत अशी खूणही घालून ठेवली, आणि तारखेचा नियम परत चालू केला. आता जोड्या कितीही येवोत, बसून बघते.

निघताना तिने विचारलं, त्याचं नाव तरी हाय ना तितं? आहे म्हटलं. मग मेसेज येईल? येईल म्हटलं, आणि तेवढ्यात मला ती खालची ओळ आठवली. इतकी वर्षं आम्ही या बाईला काय पाठवत होतो ते तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. लाज वाटून मी म्हटलं, ताई, त्यातली शेवटची ओळ तुमच्यापुरती काढून टाकते.

"काढू नका," ती म्हणाली. "मोठाच झाला असता की आता."